मित्रांसोबत वारसा फेरी आखताय? कसबा गणपती ते विश्रामबागवाडा, अडीच किलोमीटरचा पूर्ण हिशेब

कुठे थांबायचे, किती वेळ बोलायचे, कुठे बसायचे आणि उशीर झाला तर काय गाळायचे? पुण्याच्या पेठांमधल्या एका मार्गाचे उदाहरण घेऊन समजून घेऊ.

हिवाळा सुरू झाला की मित्रांच्या ग्रुपवर एखादा तरी संदेश येतोच, 'या रविवारी जुने पुणे पायी बघू या का?' दहा-बाराजण लगेच होकार देतात आणि ज्याला इतिहासाची आवड आहे त्याच्या गळ्यात वाटाड्याचे काम पडते. तो आठवडाभर वाचन करतो, पंधरा ठिकाणांची यादी करतो. प्रत्यक्षात तिसऱ्या ठिकाणापर्यंत सगळे उत्साहात असतात. पाचव्या ठिकाणी निम्मे भिंतीला टेकतात आणि सातव्याच्या आधी कुणीतरी 'आता नाश्ता करू या' म्हणून फेरी संपवते. यात माहितीची कमतरता नसते, पाय, ऊन आणि घड्याळ यांचा हिशेब मांडलेला नसतो.

हा हिशेब एका खऱ्या मार्गावर मांडून पाहू. समजा, बाराजणांचा ग्रुप आहे आणि सगळे पन्नाशीच्या आसपासचे आहेत. एकाच्या गुडघ्याचा त्रास आहे, एकीला मधुमेह असल्याने वेळेवर खावे लागते. हाताशी रविवारची सकाळ आहे.

मार्ग कोणता आणि याच दिशेने का?

कसबा गणपतीपासून सुरुवात करायची. तिथून लाल महाल, शनिवारवाडा, भिडेवाड्याची जागा, तुळशीबागेतले राममंदिर, महात्मा फुले मंडई आणि शेवटी विश्रामबागवाडा. एकूण सात ठिकाणे होतात. शनिवारवाड्याच्या आतले फिरणे धरले तर अंतर साधारण अडीच किलोमीटर भरते.

या दिशेमागे तीन कारणे आहेत. पहिले कारण ऊन. या मार्गावर सगळ्यात मोकळी जागा शनिवारवाड्याची. आतल्या इमारती जळून गेल्यामुळे तिथे आहे ती जोती आणि हिरवळ, डोक्यावर छप्पर नाही. तो भाग नवाच्या आत उरकला की पुढचा मार्ग पेठांच्या रस्त्यांचा आहे. तिथे इमारतींची सावली मिळते.

दुसरे कारण गर्दी. तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता दुकाने उघडल्यावर गजबजतात. साडेनऊच्या सुमारास राममंदिराच्या आवारात उभे राहून बोलता येते. बारा वाजता त्याच गल्लीत बाराजणांना एकत्र ठेवणे अवघड होते.

तिसरे कारण गोष्टीचा क्रम. कसबा हा जुन्या पुण्याचा गाभा आहे. तिथून शिवकाल, मग पेशवाई, मग मुलींची शाळा आणि शेवटी ब्रिटिश काळातली मंडई अशी गोष्ट पुढे सरकते. विश्रामबागवाडा काळाने मंडईच्या आधीचा आहे. तरीही तो शेवटी ठेवावा, कारण पेशवाईचा शेवट आणि नंतरचे बदल अशा दोन्ही गोष्टी त्याच एका वास्तूत सांगता येतात.

येण्याजाण्याचीही सोय चांगली आहे. मेट्रोचे कसबा पेठ स्थानक सुरुवातीच्या टोकाजवळ आहे आणि मंडई स्थानक शेवटच्या टोकाजवळ. त्यामुळे गाड्या एका टोकाला आणि माणसे दुसऱ्या टोकाला, अशी वेळ येत नाही.

एवढ्याच परिसरात बेलबागेचे मंदिर आहे, जुने वाडे आहेत, थोड्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ही ठिकाणे यादीत घ्यायचा मोह होतो. पण साडेतीन-चार तासांच्या फेरीत सात थांबे पुरेसे असतात. संग्रहालयाला स्वतंत्र दिवस द्यावा. फेरीच्या शेवटी त्यासाठी कुणाच्याच पायात ताकद उरत नाही.

अडीच किलोमीटरला किती वेळ लागतो?

एकटा माणूस अडीच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत सहज चालतो. हाच आकडा बाराजणांना लावला की वेळापत्रक कोलमडते. ग्रुप चालतो तेव्हा कुणी फोटो काढायला थांबते, कुणी दुकानात डोकावते आणि रस्ता ओलांडताना निम्मे अलीकडे राहतात. पेठांच्या रस्त्यांवर ग्रुपचा वेग ताशी अडीच किलोमीटर धरावा. म्हणजे नुसत्या चालण्याला एक तास लागतो.

उरलेल्या वेळात आणखी तीन गोष्टी बसवायच्या असतात. उभे राहून ऐकणे, बसणे आणि राखीव वेळ. यापैकी उभे राहण्याचा हिशेब सहसा कुणी करत नाही. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिले की हे काम मंदावते, रक्त पायात साचू लागते, पाय जड होतात आणि कंबर भरून येते. म्हणूनच तीन किलोमीटर सहज चालणारा माणूसही पंधरा मिनिटांचे उभ्याचे भाषण ऐकून दमतो. एका जागी सलग चार मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. जास्त सांगायचे असेल तर मध्ये दहा-वीस पावले चालवून दुसऱ्या कोपऱ्यावर उरलेले सांगावे, नाहीतर सगळ्यांना बसवून सांगावे.

यावरून वेळापत्रक असे बसते :

- ७.१५ : कसबा गणपतीपाशी जमणे, ७.३० ला सुरुवात
- ७.३० ते ७.४५ : दर्शन आणि पहिली गोष्ट
- ७.५५ ते ८.०५ : लाल महाल, बाहेरून
- ८.१५ ते ९.०० : शनिवारवाडा, त्यातली शेवटची १५ मिनिटे बसून
- ९.१५ ते ९.२५ : भिडेवाड्याची जागा
- ९.३५ ते ९.५० : तुळशीबाग राममंदिर
- ९.५० ते १०.२५ : नाश्ता
- १०.३५ ते १०.४५ : मंडई
- १०.५५ ते ११.१० : विश्रामबागवाडा
- ११.३० पर्यंत : राखीव वेळ

राखीव वीस मिनिटे ग्रुपला सांगू नयेत. फेरी 'साडेअकराला संपेल' एवढेच सांगावे. सात पंधराला जमायचे आणि साडेसातला निघायचे, यातली पंधरा मिनिटे उशिरा येणाऱ्यांसाठी आहेत. त्यांची वाट त्यापुढे पाहू नये. लाल महाल जवळच आहे, उशिरा आलेला माणूस तिथे गाठू शकतो.

विश्रांती कुठे आणि कुणाच्या घड्याळाने?

ग्रुप चालताना एक गोष्ट हमखास घडते. भराभर चालणारे चौघे थांब्यावर आधी पोहोचतात आणि पाच मिनिटे आराम करतात. सगळ्यात मागे असलेला, गुडघा दुखणारा मित्र पोहोचतो तेव्हा वाटाड्या म्हणतो, 'चला, सगळे आले, सुरू करू या.' ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. असे चार-पाच थांब्यांवर झाले की तो गप्प होतो आणि पुढच्या वेळी येतच नाही.

यावर दोन साधे उपाय आहेत. सावकाश चालणाऱ्याला वाटाड्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचे. त्यामुळे ग्रुपचा वेग आपोआप त्याच्याइतका होतो आणि मागे राहिल्याची भावनाही येत नाही. दुसरा उपाय म्हणजे विश्रांतीची मिनिटे शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजायची. रांगेच्या अगदी शेवटी मात्र मार्ग माहीत असलेला एक ठणठणीत मित्र हवा. त्याच्या पुढे सगळे आहेत, एवढे पाहणे हेच त्याचे काम. वाटाड्याने मागे वळून तो दिसला की पुढे निघायचे.

या मार्गावर बसण्याचे तीन थांबे ठेवावेत. पहिला शनिवारवाड्याच्या आत. सुरुवातीपासून सव्वा तास झालेला असतो. इथे पाणी प्यायचे आणि मधुमेह असलेल्या मैत्रिणीने सोबतचे काही खाऊन घ्यायचे. नाश्ता दहाच्या आसपास आहे, तोवर तिला उपाशी ठेवणे बरोबर नाही. घरून निघताना औषध घेतले असेल तर ही काळजी जास्तच घ्यायला हवी. दुसरा थांबा तुळशीबागेतल्या मंदिराचे आवार. बाजाराच्या मधोमध असूनही आत शिरल्यावर आवाज कमी होतो. तिसरा नाश्त्याचा. तुळशीबागेच्या परिसरात मिसळ आणि न्याहारीची जुनी ठिकाणे आहेत, पण रविवारी सकाळी बाराजणांना एकत्र जागा मिळेलच असे नाही. चार-चारच्या टेबलांवर बसायची तयारी ठेवावी आणि आदल्या दिवशी दुकानाची वेळ विचारून घ्यावी.

स्वच्छतागृह कुठे आहे, ते उघडे असते का आणि वापरण्याजोगे आहे का, हे नकाशावरून कळत नाही. ते पाहणीच्या दिवशी स्वतः जाऊन पाहावे लागते. ग्रुपला हे सुरुवातीलाच सांगावे : पहिली सोय अमुक ठिकाणी, दुसरी नाश्त्याच्या ठिकाणी. हे माहीत नसल्यामुळे अनेकजण, विशेषतः महिला, सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हात डोके दुखू लागते.

आधीची पाहणी कशी करावी?

ज्या वारी आणि ज्या वेळी फेरी आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी एकदा मार्ग चालून यावे. शनिवारी दुपारी केलेली पाहणी रविवारी सकाळी उपयोगी पडत नाही. दुकाने, वाहने, ऊन, उघडी दारे सगळेच वेगळे असते. पाहणीत प्रत्येक थांब्यावर चार गोष्टी लिहायच्या. बाराजण रस्ता न अडवता कुठे उभे राहतील? त्या वेळी सावली कोणत्या बाजूला असते? तिथे बोललेले ऐकू येते का? जवळ बसायला काय आहे?

उभे राहण्याच्या जागेबाबत एक नियम पाळावा. वाटाड्याने स्वतः उन्हाकडे तोंड करायचे आणि ऐकणाऱ्यांच्या पाठीला ऊन ठेवायचे. उलट केले तर सगळे डोळे मिचकावत उभे राहतात आणि दोन मिनिटांत लक्ष उडते. दाखवायची वास्तू वाटाड्याच्या पाठीमागे नव्हे, बाजूला असावी. म्हणजे हात दाखवला की मान थोडीशीच वळवावी लागते.

शनिवारवाड्याला तिकीट आहे. तिथली आणि विश्रामबागवाड्याची उघडण्याची वेळ आदल्या दिवशी तपासून घ्यावी, कारण दुरुस्ती किंवा कार्यक्रमासाठी एखादा भाग बंद असू शकतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत हा मार्ग घेऊच नये. यातले अर्धे रस्ते तेव्हा माणसांनी भरलेले असतात.

वाटाड्याने काय बोलावे?

प्रत्येक थांब्यासाठी एक कागदी चिठ्ठी करावी आणि तिच्यावर तीनच ओळी लिहाव्यात. पहिली ओळ 'पाहा' : बोटाने दाखवता येईल अशी एक वस्तू. दुसरी 'गोष्ट' : त्या वस्तूशी जोडलेली एक घटना. तिसरी 'दुवा' : इथून पुढच्या थांब्याकडे नेणारे एक वाक्य किंवा प्रश्न. चिठ्ठीवर मावत नाही ते बोलायचे नाही, कुणी विचारले तर चालता चालता सांगायचे.

आणखी एक शिस्त पाळावी. नोंद असलेली गोष्ट आणि लोकांत सांगितली जाणारी गोष्ट यांत फरक करावा. दंतकथा गाळायची गरज नाही, ती ऐकायला सगळ्यांना आवडते. फक्त 'असे सांगतात' हे शब्द जोडावेत. पुण्यातल्या ग्रुपमध्ये इतिहास वाचणारा एखादा तरी असतोच. त्याने एकदा चूक दाखवली की उरलेल्या फेरीत वाटाड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता सातही थांब्यांच्या चिठ्ठ्या पाहू.

१. कसबा गणपती : हे पुण्याचे ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला पहिला मानाचा गणपती. या मंदिराचे नाव जिजाबाईंशी जोडले जाते. इथे 'कसबा' या शब्दाकडे लक्ष वेधावे. आसपासच्या पेठांना वारांची नावे आहेत, शनिवार, रविवार, बुधवार, शुक्रवार. याला मात्र कसबा म्हणतात, कारण पेठा वसण्याच्या आधीचे पुणे ते हे. दुवा : या छोट्या गावाला राजकीय महत्त्व कधी आले?

२. लाल महाल : इथे सगळ्यात आधी सांगायचे ते हे, की समोर दिसणारी वास्तू जुनी नाही. शहाजीराजांनी बांधलेला मूळ महाल काळाच्या ओघात नाहीसा झाला. आजची इमारत पुणे महापालिकेने उभारली आहे आणि ती १९८८ मध्ये पूर्ण झाली. आधी हे सांगितले की एप्रिल १६६३ मधल्या शायिस्तेखानावरच्या छाप्याची गोष्ट जास्त नीट कळते. मुक्काम शत्रूचा होता, पण घर शिवाजी महाराजांच्या बालपणीचे होते. वाड्यातल्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. दुवा : घर इथे होते, मग पेशव्यांनी शेजारीच नवा वाडा का बांधला?

३. शनिवारवाडा : हा सगळ्यात मोठा थांबा, म्हणून त्याचे तीन तुकडे करावेत. पहिला तुकडा दिल्ली दरवाजासमोर. दारावरचे मोठे अणकुचीदार खिळे दाखवावेत. हत्तीने डोके लावून दार फोडू नये म्हणून ते कपाळाच्या उंचीवर ठोकलेले आहेत. मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजाही दाखवावा. त्यातून आत येणाऱ्याला वाकावेच लागते. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून वर वीट वापरली, असे सांगतात. ही गोष्ट 'सांगतात' याच सदरात ठेवावी.

दुसरा तुकडा आत शिरल्यावर, पन्नासेक पावले चालून, जोत्यांपाशी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी याच वाड्यात खून केला, ही नोंद आहे. 'काका, मला वाचवा' ही हाक आणि 'ध'चा 'मा' केल्याची कथा मात्र परंपरेने चालत आली आहे. दोन्ही सांगावे, पण या क्रमाने.

तिसरा तुकडा बसून. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतल्या इमारती गेल्या. आपण ज्या मोकळ्या जागेत बसलो आहोत ती त्या आगीने केलेली आहे, एवढे सांगून दोन मिनिटे शांत बसू द्यावे. दुवा : राज्य गेल्यावर वाड्यासमोरच्या पटांगणात काय भरायचे? भाजीबाजार. तो पुढे कुठे गेला, ते दीडेक तासात पाहू.

४. भिडेवाड्याची जागा : बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपती मंदिरासमोर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. मूळ वाडा मोडकळीला आला होता. स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये उतरवण्यात आला. इथे बोटाने दाखवायला वास्तू नाही, म्हणून अंतर दाखवावे. शनिवारवाडा इथून पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. वाड्यावरचे निशाण उतरून तीस-एकतीस वर्षेच झाली होती, तेव्हा ही शाळा उघडली. हा रस्ता वर्दळीचा आहे, त्यामुळे मंदिरासमोरच्या गर्दीत उभे न राहता थोडे बाजूला थांबून बोलावे. तीन मिनिटे पुरेत.

५. तुळशीबाग : पुणेकरांना तुळशीबाग म्हणजे खरेदी. त्यामुळे अनेकांनी आतले राममंदिर निवांत पाहिलेलेच नसते. नारो आप्पाजी खिरे, म्हणजेच तुळशीबागवाले, यांनी १७६० च्या दशकात या मंदिराचे काम सुरू केले. इथे 'वर पाहा' एवढेच सांगावे. शिखरावरच्या मूर्ती आणि चुन्याचे काम बाजारातून चालताना दिसत नाही, आवारात उभे राहिल्यावर दिसते. यानंतर बोलणे थांबवून नाश्त्याला जावे.

६. महात्मा फुले मंडई : शनिवारवाड्यावर सोडलेला दुवा इथे जोडायचा. १८८६ मध्ये ही इमारत उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. तिचा मधला अष्टकोनी मनोरा दाखवावा. शहरात लोकांच्या अधिक निकडीच्या गरजा असताना अशा इमारतीवर पैसा खर्च करू नये, अशी भूमिका जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना घेतली होती. पुढे याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. इथे बोलणे संपवून ग्रुपला पाच मिनिटे मोकळे सोडावे. भाजी घ्यायची इच्छा आवरत नाही, पण पिशव्या हातात आल्या की वेग निम्मा होतो. खरेदी विश्रामबागवाड्यानंतर करावी. मंडई मेट्रो स्थानकाकडे परत इथूनच जायचे आहे.

७. विश्रामबागवाडा : दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा वाडा. सागवानी सज्जा आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब दाखवावेत. पहिल्या बाजीरावाचा वाडा तटबंदीचा आणि खिळ्यांच्या दाराचा, दुसऱ्या बाजीरावाचा रस्त्याकडे उघडणाऱ्या सज्जाचा. हा फरक ग्रुपलाच विचारावा, लोक आपणहून सांगतात. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. दोन वाडे आणि दोन आगी, इथे फेरीची गोष्ट पूर्ण होते.

फेरी बिघडतेय हे कसे ओळखावे?

पहिली खूण रांग लांबण्याची. पुढचा आणि मागचा माणूस यांत वीस-पंचवीस पावलांपेक्षा जास्त अंतर पडले की वेग कमी करावा, मागच्यांना घाई करायला सांगू नये. दुसरी खूण प्रश्न बंद होण्याची. सलग दोन थांब्यांवर कुणी काही विचारले नाही तर पुढच्या थांब्याची 'गोष्ट' गाळून फक्त 'पाहा' आणि 'दुवा' सांगावा. तिसरी खूण भिंत, कठडा, दुचाकी यांना टेकणारी माणसे. तिघेजण टेकले की बोलणे तिथेच थांबवून बसण्याची जागा गाठावी.

शिवाजी रस्ता ओलांडताना बाराजणांनी एकदम निघू नये. सहा-सहाचे दोन गट करावेत. पहिल्याबरोबर वाटाड्या, दुसऱ्याबरोबर शेवटचा माणूस. सिग्नल पाहूनच ओलांडावे आणि पलीकडे गेल्यावर फुटपाथवर न थांबता थोडे पुढे जाऊन थांबावे, नाहीतर दुसऱ्या गटाला चढायला जागाच उरत नाही.

उशीर झाला तर काय गाळायचे?

हा निर्णय रस्त्यात घ्यायचा नसतो, घरीच लिहून ठेवायचा असतो. या मार्गावर एक घड्याळ तपासणी पुरते : शनिवारवाड्यातून बाहेर पडण्याची वेळ. नऊला बाहेर पडलात तर सगळे ठरल्याप्रमाणे करावे. सव्वानऊ झाले असतील तर मंडईत आत न शिरता बाहेरूनच मनोरा दाखवावा. साडेनऊ झाले असतील तर भिडेवाड्यापाशी तीन मिनिटे थांबून तुळशीबागेतला नाश्ता गाठावा आणि फेरी मंडईवर संपवावी. विश्रामबागवाडा पुढच्या वेळी ठेवावा. मंडईवर संपवली तरी गोष्टीचा धागा तुटत नाही, कारण बाजाराचा दुवा तिथे जोडला जातो.

गुडघा दुखणाऱ्या मित्राला आदल्या दिवशीच सांगावे, की शनिवारवाड्यानंतर कंटाळा आला तर रिक्षाने थेट तुळशीबागेजवळ जा, नाश्त्याला भेटू. मार्गावर कुठेही मोठा रस्ता दोन-चार मिनिटांच्या अंतरावर आहे, त्यामुळे हे शक्य होते. बाहेर पडायची वाट माहीत असलेला माणूस बहुधा बाहेर पडत नाही, पण त्याला ती माहीत असायला हवी.

आदल्या रात्रीच्या संदेशात काय असावे?

ग्रुपवर लांबलचक इतिहास पाठवू नये. जमण्याची जागा आणि वेळ, संपण्याची जागा आणि वेळ, शनिवारवाड्याच्या तिकिटासाठी सुटे पैसे, अर्धा लिटर पाण्याची बाटली, टोपी, मंदिरात सहज काढता येतील अशी पण चालायला घट्ट पादत्राणे, स्वच्छतागृह कुठे आहे आणि शेवटच्या माणसाचा मोबाइल क्रमांक, एवढे पुरते. खाण्याचे पथ्य असेल त्यांनी सोबत काही ठेवावे, हेही एका ओळीत लिहावे. सात चिठ्ठ्या खिशात टाकून वाटाड्याने स्वतः सव्वासातच्या दहा मिनिटे आधी कसबा गणपतीपाशी पोहोचावे.